आधी हात कोरडे, मग गॅस

कोपरखैरण्याला माथाडी कामगारांची मोठी वस्ती आहे. तुर्भ्याच्या बाजारात पोती उचलणारी ही माणसे. पुष्कळजण सातारा-सांगलीकडची. अशाच एका कामगाराच्या घरी त्याची थोरली बहीण गावाहून आली. खटाव तालुक्यातून एसटीने आली, म्हणजे आठ-नऊ तासांचा प्रवास. अंग आंबून गेले होते.

घरात भावजय होती. ती वाशीच्या एका दवाखान्यात आयाचे काम करते. नुकतीच कामावरून आली होती. दाराजवळ खिळ्याला एक छोटी बाटली टांगलेली होती. नणंदेने ती पाहिली.

"वहिनी, हेच ना गं ते सॅनिटायझर? गाडीत किती जणांनी त्या दांड्याला हात लावले असतील! घेते थोडं."

तिने बाटली दाबली. एकदा, दोनदा, तीनदा. ओंजळभर घेतले म्हणा ना! हात चोळले न चोळले आणि ती ओट्याकडे वळली.

"तू बस. दमून आलीयस. चहा मी टाकते."

तिने एका हाताने शेगडीचे बटण फिरवले. दुसऱ्या हाताने लायटर उचलला.

"वन्सं, थांबा! बटण बंद करा!" भावजय ओरडली. तिने पुढे होऊन नणंदेच्या हातातला लायटर काढून घेतला.

नणंद चपापली. तिला जरा रागही आला. "अगं, काय झालं एवढं ओरडायला? हात स्वच्छच केलेत की मी!"

"स्वच्छ केलेत, पण ओले आहेत. आणि ते ओलेपण पाण्याचं नाही, स्पिरिटाचं आहे. हाताला जाळ लागला असता."

नणंदेचा विश्वास बसेना. हाताला लावायचे औषध, आणि ते पेटते? तुमचाही कदाचित बसणार नाही. म्हणून ही गोष्ट नीट समजून घेऊ.

बाटलीत असते काय?

दवाखान्यात सुई टोचण्याआधी दंडाला कापसाने काहीतरी लावतात. तिथे गार वाटते, आणि नाकाला उग्र वास येतो. ते स्पिरिट. स्पिरिटालाच मद्यार्क किंवा अल्कोहोल म्हणतात. सॅनिटायझरमध्ये मुख्य भाग हाच असतो. शंभर भागांत साठ ते ऐंशी भाग मद्यार्क, बाकीचे पाणी. हात खरखरीत होऊ नयेत म्हणून थोडे ग्लिसरीन घालतात. काहींत सुवास घालतात, काहींत रंग घालतात. काही पाण्यासारखे पातळ असते, काही जेलसारखे दाट असते.

सुवास आणि रंग पाहून फसू नये. गुलाबाचा वास येवो की लिंबाचा, आत स्पिरिटच आहे. आणि दाट जेल पातळापेक्षा कमी पेटते, असेही नाही. उलट दाट जेल हातावर थर करून बसते. त्याला वाळायला जास्त वेळ लागतो.

आता तुम्हाला वाचता येते. मग बाटली हातात घ्या आणि चिठ्ठी वाचा. अक्षरे इंग्रजी असली तरी आकडा ओळखता येतो. ७० किंवा ८० असा आकडा असेल आणि पुढे टक्क्याची खूण असेल, तर ते मद्यार्काचे प्रमाण असते. शेजारी ज्योतीचे चित्र पाहा. ते चित्र म्हणजे 'हे पेटते, विस्तवापासून दूर ठेवा' अशी सूचना. काही सॅनिटायझरांत मद्यार्क नसतो, दुसरे औषध असते. चिठ्ठी वाचून खात्री होत नसेल, तर बाटलीत मद्यार्क आहे असेच धरून चालावे.

पेटते ते पाणी नव्हे, वाफ

नणंदेने विचारले, "पण वहिनी, मी काही हात जाळात घालणार नव्हते. चार बोटं लांबच होता की हात!"

हा प्रश्न फार चांगला आहे. सगळे गुपित इथेच आहे.

पातळ पदार्थ पेटतो असे आपण म्हणतो. खरे पाहता त्याची वाफ पेटते. देवापुढचा कापूर उघडा ठेवला तर तो आपोआप उडून जातो. त्याचा वास घरभर होतो. तसाच मद्यार्क उडतो, आणि कापरापेक्षा कितीतरी लवकर उडतो. हात ओला असतो तेव्हा हातातून मद्यार्काची वाफ निघतच असते. ती डोळ्यांना दिसत नाही. हातावर मात्र तिचे जणू एक आवरण असते. त्या आवरणाला ज्योत लागली की ज्योत उलट चालत येते, ती थेट हातापर्यंत. म्हणून हात जाळाला टेकावा लागत नाही. हाताची वाफ जाळाला टेकली की पुरे.

घासलेटाशी ताडून पाहा. घासलेटाची पेटण्याजोगी वाफ व्हायला साधारण ३५ अंशांच्या वर उष्णता लागते. म्हणून कंदिलाला वात लागते, आणि स्टोव्ह पेटवताना आधी काकडा लावून तो तापवावा लागत असे. सॅनिटायझरला एवढी उष्णता लागत नाही. १७ ते २० अंशांनाच त्याची पेटण्याजोगी वाफ होते. नवी मुंबईत भर थंडीतही स्वयंपाकघर बहुधा त्याहून गरम असते. आणि आपला हात तर नेहमीच गरम असतो. म्हणजे ओल्या हातावर मद्यार्क बाराही महिने पेटायला तयारच असतो.

घासलेटाच्या डब्याजवळ आपण काडी ओढत नाही. लहानपणापासून तसे शिकलो आहोत. सॅनिटायझर घासलेटापेक्षा लवकर पेटते. मात्र ते औषध म्हणून घरात आले, म्हणून त्याचे भय कुणी शिकवले नाही.

आणखी एक गोष्ट. ही वाफ हवेपेक्षा जड असते. दीडपटीहूनही जड. ती धुरासारखी वर जात नाही, खाली उतरते. ओट्यावर सांडली तर ओट्यावरून पसरते, तिथून फरशीवर येते. कुणी खाली बसून चुलीपुढे भाकरी थापत असेल, तर उभ्या माणसाने सांडलेल्या स्पिरिटाची वाफ चुलीकडेच जाणार.

रेवाडीला काय घडले

ही नुसती पुस्तकातली भीती नाही. हरियाणा राज्यात रेवाडी नावाचे शहर आहे. २०२० सालच्या मार्च महिन्यात तिथे एका घरी हे घडले. करोनाचे दिवस होते. सगळे लोक घरात होते. घरचा कर्ता पुरुष चव्वेचाळीस वर्षांचा. तो स्वयंपाकघरात उभा राहून सॅनिटायझरने किल्ल्या आणि मोबाइल पुसत होता. त्याची बायको गॅसवर स्वयंपाक करत होती. 

पुसता पुसता थोडे सॅनिटायझर त्याच्या कुडत्यावर सांडले. त्याला त्यात विशेष वाटले नाही. पण त्याची वाफ शेगडीपर्यंत पोहोचली आणि कुडत्याने पेट घेतला. त्याचा चेहरा, मान, छाती, पोट आणि हात भाजले. अंगाचा पस्तीस टक्के भाग भाजला, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून जास्त. त्याला दिल्लीच्या सर गंगाराम रुग्णालयात न्यावे लागले.

यात चूक कुठे झाली ते एकेक करून पाहू.

पहिली चूक, काम चुकीच्या जागी केले. किल्ल्या पुसायच्या होत्या, तर त्या अंगणात किंवा गॅलरीत पुसता आल्या असत्या. दुसरी चूक, हाताला लावायचे औषध वस्तू धुवायला वापरले. हाताला थोडेसे लागते. वस्तू पुसताना बाटली ओतली जाते, आणि मग सांडते. तिसरी चूक सगळ्यांत मोठी. कपड्यावर सांडले तरी तो तिथेच उभा राहिला. कपडा हातासारखा लवकर वाळत नाही. तो वातीसारखा स्पिरिट धरून ठेवतो. त्याच क्षणी गॅस बंद केला असता, तो बाहेर गेला असता आणि कुडता बदलला असता, तर काही झाले नसते.

आपल्या महाराष्ट्रातही असे घडले आहे. त्याच २०२० सालच्या जुलैत नाशिकच्या वडाळा गावात एक तरुण बाई सॅनिटायझरने घर स्वच्छ करत होती. दिवे गेले, म्हणून मेणबत्ती लावली. सॅनिटायझरने पेट घेतला. ती बाई वाचली नाही. इथे गॅस नव्हता, चूल नव्हती. एक मेणबत्ती पुरली.

जाळ दिसत नाही

मद्यार्काच्या आगीचा आणखी एक घातकी गुण आहे. लाकडाचा जाळ पिवळा, लाल असतो. घासलेटाचा जाळ काळा धूर काढतो. मद्यार्काचा जाळ फिकट निळा असतो, आणि त्याला धूर जवळजवळ नसतो. दिवसाउजेडी तो दिसतच नाही. हात पेटला आहे हे माणसाला डोळ्यांनी कळत नाही, चटका बसल्यावर कळते. तोवर तो हात पदराला लागलेला असतो, किंवा दुसऱ्या माणसाला लागलेला असतो.

अमेरिकेत २०२० साली एका कामगाराच्या बाबतीत असेच झाले. त्याने हाताला सॅनिटायझर लावले आणि हात वाळण्याआधीच लोखंडी वस्तूला हात लावला. थंड कोरड्या हवेत कधी कधी अंगावरच्या लोकरी कपड्यातून तडतड ठिणगी उडते. तशी बारीकशी ठिणगी उडाली. दोन्ही हातांना निळा जाळ लागला, तो नीट दिसलाही नाही. हात भाजले. एवढ्याशा ठिणगीने हे होते. मग गॅसच्या लायटरची ठिणगी तर केवढी मोठी!

हात वाळला हे कसे ओळखावे?

नणंद म्हणाली, "मग काय, एकदा लावलं की दिवसभर गॅसजवळ जायचंच नाही?"

भावजय हसली. "तसं नाही हो, वन्सं. आम्ही दवाखान्यात दिवसातून किती वेळा लावतो! वाळू द्यायचं, एवढंच."

हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. हातावर पाणी आणि मद्यार्क दोन्ही असतात. त्यांत मद्यार्क आधी उडतो, पाणी मागे राहते. म्हणून हात पूर्ण कोरडा झाला, तर त्यावर पेटण्याजोगा मद्यार्क उरत नाही. थोडे चिकट लागते ते ग्लिसरीन. त्याने हात पेटत नाही. सकाळी सॅनिटायझर लावले आणि संध्याकाळी हात पेटला, असे कुणी सांगितले तर ते खरे मानू नका.

२०२० च्या ५ एप्रिलला रात्री ९ वाजता ९ मिनिटे दिवे लावायचे आवाहन देशभर झाले होते. अनेकांना ते आठवत असेल. तेव्हाही लोकांना मुद्दाम बजावले होते, की दिवा लावण्याआधी सॅनिटायझर लावू नका, साबणाने हात धुवा. कारण हेच. घाईत कुणी हात वाळू देत नाही.

दोन्ही हातांना अर्धा चहाचा चमचा सॅनिटायझर पुरते. म्हणजे बाटली एकदा-दोनदा दाबली की झाले. तळहात, हाताची पाठ, बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखे, सगळीकडे चोळायचे. एवढे चोळायला वीस ते तीस सेकंद लागतात, आणि तेवढ्यात ते बहुधा वाळते. जास्त घेतले तर जास्त वेळ लागतो. नणंदेने तीनदा दाबले होते आणि चोळले नव्हते. म्हणून तिचे हात ओलेच राहिले.

पण घड्याळ पाहण्यापेक्षा हातालाच विचारावे. हात तीन खुणा सांगतो.

पहिली खूण गारव्याची. मद्यार्क उडताना हाताची उष्णता घेऊन जातो, म्हणून गार वाटते. जोवर हात गार वाटतो, तोवर वाफ निघते आहे असे समजावे. गारवा गेला की मद्यार्क गेला.

दुसरी खूण वासाची. तळहात नाकाजवळ नेला की उग्र वास येतो. तो येत असेल तर थांबावे. मात्र सुवास घातलेल्या बाटलीचा सुवास मागून पुष्कळ वेळ राहतो. म्हणून एकट्या वासावर भरवसा ठेवू नये.

तिसरी खूण चोळण्याची. ओला हात हातावर सरकन घसरतो. कोरडा हात अडखळतो, आणि चोळताना बारीक सर्र आवाज होतो.

आणि ओल दडून बसते त्या जागा पाहा. बोटांच्या बेचक्या, अंगठीच्या खाली, बांगड्यांच्या खाली, घड्याळाच्या पट्ट्याखाली, आणि ब्लाउजच्या किंवा सदऱ्याच्या बाहीची कड. तळहात कोरडा होतो, पण बांगड्यांखाली ओल राहते. शेगडीवर तर बांगड्यांचाच हात पुढे जातो.

हात फुंकून किंवा शेगडीच्या उबेवर धरून वाळवू नये. पदरालाही पुसू नये. पदराला पुसले, तर जे हातावर होते ते पदरावर गेले. आणि पदर तर ओट्यावर लोंबतो.

स्वयंपाकघरात साबणच बरा

खरे तर स्वयंपाकघरात सॅनिटायझरचे काम फारसे नसतेच. ते वाटेत, गाडीत, बाजारात, जिथे पाणी मिळत नाही तिथे वापरायचे. घरात पाणी आणि साबण असतो. हाताला पीठ, तेल, माती, मासळी लागली असेल, तर सॅनिटायझर नीट कामच करत नाही, कारण ते मळ काढत नाही. साबणाने वीस सेकंद चोळून धुतले की मळही जातो आणि जंतूही जातात.

मग हात फडक्याने पुसून कोरडे करावे. पाण्याचा ओला हात पेट घेत नाही. पण ओल्या हाताने शेगडीचे बटण घसरते. काडेपेटीची काडी भिजते, मग ती दोनदा-तीनदा ओढावी लागते. तेवढा वेळ बटण उघडे राहिले, तर गॅस साठतो आणि मग एकदम भडका होतो. म्हणून पाणी असो की सॅनिटायझर, गॅस पेटवण्याआधी हात कोरडे हवेत.

पेटवताना क्रम असा ठेवावा. हात धुऊन पुसावे. पदर किंवा ओढणी खोचून घ्यावी. ओट्यावर, शेगडीजवळ सॅनिटायझरची बाटली नाही ना, हे पाहावे. मग लायटर बर्नरजवळ धरावा, आणि त्यानंतरच बटण फिरवून लगेच ठिणगी पाडावी. नणंदेने आधी बटण फिरवले आणि मग लायटर उचलला. म्हणजे तिच्या दोन चुका झाल्या होत्या. दुसरी चूक आपण सगळेच करतो.

बाटली कुठे ठेवावी, रिकामी झाली तर काय करावे?

बाटली ओट्यावर नको. देवघराजवळ नको, तिथे निरांजन आणि उदबत्ती असते. गॅसच्या टाकीशेजारी नको. उन्हात खिडकीत नको. दाराजवळ, सावलीत, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर ठेवावी. झाकण घट्ट लावावे.

बाटली सांडली तर आधी गॅस, दिवा, उदबत्ती बंद करावी. खिडक्या-दारे उघडावी. भरपूर पाणी ओतून फडक्याने पुसावे. ते फडके घराबाहेर पाण्यात बुडवावे. वास जाईपर्यंत गॅस पेटवू नये. अंगावर सांडले तर बाहेर जाऊन कपडे बदलावे.

आता गावाकडच्या वाचकांसाठी एक गोष्ट. आपल्याकडे रिकामी बाटली कचऱ्यात जाते, आणि कचरा पेटवतात. कुणी ती सरळ चुलीत घालतात. कोल्हापूर जिल्ह्यात कागल तालुक्यात बोरवडे गाव आहे. तिथे करोनाच्या काळात एक बाई कचरा जाळत होती. कचऱ्यात सॅनिटायझरची बाटली होती. ती फुटली. बाई भाजली आणि दगावली. बाटली रिकामी दिसते, पण तळाशी थोडे उरलेले असते, आणि आत वाफ कोंडलेली असते. म्हणून रिकाम्या बाटलीत पाणी भरून दोनदा-तीनदा खळबळून टाकावे. मग ती सुक्या कचऱ्यात द्यावी. विस्तवात कधीही टाकू नये.

आणि जाळ लागलाच तर?

हात झटकू नये. झटकल्याने जाळ वारा घेतो, आणि थेंब उडून दुसरीकडे पेटते. हात नळाखाली धरावा, किंवा पाण्याच्या बादलीत बुडवावा. मद्यार्क पाण्यात मिसळतो, म्हणून पाण्याने तो विझतो. कढईतले तेल पेटले, तर मात्र त्यावर पाणी कधी टाकायचे नाही. तेल आणि स्पिरिट यांत हा फरक आहे. पाणी जवळ नसेल, तर जाड सुती कापड किंवा गोधडी हाताला घट्ट गुंडाळावी.

अंगावरचे कपडे पेटले तर पळू नये. पळाल्याने आग वाढते. जमिनीवर आडवे पडून गडाबडा लोळावे. दुसऱ्याने गोधडी टाकून दाबावे, किंवा पाणी ओतावे. कुणीतरी शेगडीचे बटण आणि टाकीचा रेग्युलेटर बंद करावा.

आग विझली की भाजलेल्या जागेवर साधे गार पाणी सोडत राहावे. एक-दोन मिनिटे नव्हे, वीस मिनिटे. बांगड्या, अंगठी, घड्याळ लगेच काढावे, कारण हात सुजतो आणि मग त्या निघत नाहीत. कातडीला चिकटलेला कपडा ओढू नये. हळद, तूप, शाई, दंतमंजन, बर्फ, काही लावू नये. फोड फोडू नये. स्वच्छ सुती कापड सैल झाकून दवाखान्यात जावे. चेहरा भाजला असेल, हात किंवा सांध्याची जागा भाजली असेल, किंवा जखम तळहाताहून मोठी असेल, तर घरी उपचार करू नये.

रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि आगीच्या बंबासाठी १०१ हे आकडे भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे. नवी मुंबईत ऐरोलीला नॅशनल बर्न्स सेंटर नावाचे रुग्णालय आहे. तिथे खास भाजलेल्या माणसांवरच उपचार होतात. आसपास राहणाऱ्यांनी त्याचा पत्ता माहीत करून ठेवावा.

मग चहा झाला

तोवर नणंदेचे हात कधीच वाळले होते. तरी तिने मोरीत जाऊन साबणाने हात धुतले, बांगड्या वर सारून मनगटे पुसली, आणि मगच ती ओट्याकडे आली. लायटर आधी हातात घेतला, मग बटण फिरवले. निळी ज्योत गोल लागली.

ती ज्योतीकडे पाहत म्हणाली, "बघ, हाही निळाच जाळ. हाताला लागला असता, तर दिसलाही नसता म्हणे."

भावजयीने बाटली दारावरून काढली आणि चिठ्ठीची बाजू नणंदेपुढे धरली. नणंद गेल्या वर्षीच गावच्या वर्गात लिहायला-वाचायला शिकली होती. तिने बोट ठेवून पाहिले. इंग्रजी अक्षरे तिला लागली नाहीत. पण आकडा लागला, सत्तर. आणि त्याच्या शेजारी छोटे ज्योतीचे चित्र.

"हे आमच्या शाळेतल्या बाटलीवरही आहे," ती म्हणाली. "तिथं पोषण आहार शिजवणाऱ्या बाया चुलीजवळच ती बाटली ठेवतात. परवा गेले की आधी तिथं जाते."